गोलंदाजाचा व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने मोजताना: कोणता आकडा खरा धरायचा?

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा आहे, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. सर म्हणतात, बॉल सोडताना त्याचा पुढचा गुडघा बसतो. मी दर रविवारी मोबाइलवर व्हिडिओ काढतो, पण नुसतं बघून काही कळत नाही. फ्रेम बाय फ्रेम बघून हे नेमकं मोजायचं कसं? आणि काही आठवड्यांनी खरंच सुधारणा झाली की मलाच तसं वाटतंय, हे कसं ठरवायचं?

उत्तर:

सरांनी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली आहे, हे फार बरं झालं. तीच मोजा. व्हिडिओ हातात आला की डोकं, खांदा, मनगट, कंबर असं सगळं मोजायचा मोह होतो. मग महिन्याभराने वहीत शंभर आकडे असतात आणि त्यातून एकही निर्णय निघत नाही. मी वयोगटातल्या मुलांच्या गोलंदाजीचं व्हिडिओ-विश्लेषण करतो. पुढचं सगळं फक्त गुडघ्याबद्दल आणि त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या दोन आकड्यांबद्दल आहे.

आधी कॅमेऱ्याचा वेग. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. ताशी १०० किलोमीटरचा बॉल सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो. म्हणजे दोन फ्रेमच्या मधे बॉल ९० सेंटीमीटरहून जास्त पुढे सरकलेला असतो. एका फ्रेममध्ये बॉल हातात आणि पुढच्या फ्रेममध्ये हात खाली, बॉल हातभर पुढे. बॉल सुटला तो क्षण तुमच्याकडे आलेलाच नाही, मग कोन कशाचा मोजणार? पुढचा पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. ३० च्या वेगाने त्यात तीनच फ्रेम मिळतात, २४० च्या स्लो-मोमध्ये चोवीस. म्हणून २४० हवेत. १२० वर काम भागतं, त्याखाली गुडघ्याच्या भानगडीत पडू नका.

फोनवर २४० लिहिलंय म्हणून ते खरंच २४० असेल असं मात्र नाही. काही फोन कमी फ्रेम घेतात आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतात. काही फोन क्लिपची सुरुवात आणि शेवट साध्या वेगात ठेवतात. तपासायला सोपा उपाय आहे. भिंतीवर जमिनीपासून बरोबर दोन मीटरवर खूण करा, बॉलचा तळ त्या खुणेला लावून बॉल नुसता सोडून द्या आणि त्याचा स्लो-मो काढा. दोन मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतात, म्हणजे खऱ्या २४० मध्ये सुटण्यापासून जमिनीला लागेपर्यंत १५३ च्या आसपास फ्रेम मोजल्या गेल्या पाहिजेत. दोन-तीन इकडे-तिकडे चालतील. ७७ आल्या तर तुमचा फोन १२० चा आहे. फ्रेम १५० भरल्या, पण एकाआड एक फ्रेममध्ये बॉल जागचा हलतच नाही किंवा भुतासारखा दुहेरी दिसतो, तर त्या मधल्या फ्रेम बनावट आहेत.

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ती दाबली जाते. केबलने काढा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चित्रण सकाळच्या उन्हात करा. नेट्समधल्या दिव्यांखाली स्लो-मोत फ्रेम उजळ-काळोखी लुकलुकतात, आणि उजेड कमी असला की हात म्हणजे नुसता फराटा दिसतो.

आता फोन ठेवायचा कुठे. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा पुढचा पाय डावा, त्यामुळे फोन त्याच्या डाव्या बाजूला हवा. पॉपिंग क्रीजची पांढरी रेघ बाजूला लांबवली आहे असं समजा आणि त्या रेघेवरच ट्रायपॉड रोवा. अंतर दहा मीटर तरी असू द्या, उंची मुलाच्या कमरेइतकी. फोन जवळ ठेवून वाइडने काढण्यापेक्षा लांब ठेवून झूम करणं केव्हाही चांगलं, कारण जवळून काढलेल्या चित्रात कडेचे कोन वाकडे येतात. डिजिटल झूमने चित्र फुटतं, म्हणून फोनला झूमची वेगळी लेन्स असेल आणि तिच्यावर स्लो-मो चालत असेल तर ती वापरा. नसेल तर थोडं जवळ जा, पण दर वेळी तितकंच.

‘तितकंच’ हा इथे कळीचा भाग आहे. गुडघ्याचा खरा कोन तिन्ही दिशांत असतो, तुम्ही मोजता ती त्याची एका बाजूने दिसणारी सपाट आकृती. फोन रेघेवरून मीटरभर मागे सरकला तरी सपाट आकृतीतला कोन बदलतो आणि मुलाने काहीही न करता ‘सुधारणा’ झालेली दिसते. ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी खिळे ठोका किंवा मैदानाच्या कडेचा एखादा खांब धरून पावलं मोजा. शिवाजी पार्कसारख्या उघड्या मैदानावर खिळे कोणी उपटून नेईल, तिथे क्रीजपासून टेप लावून मापच घ्या. मॅटिंगवर खेळत असाल तर मॅट दर आठवड्याला थोडी वेगळी अंथरली जाते, म्हणून माप मैदानापासून नाही, क्रीजच्या रेघेपासूनच.

मुलाला शॉर्ट्स घालायला लावा. ट्रॅक पँटच्या घोळात गुडघा कुठे आहे हे देवालाही कळणार नाही. डाव्या पायावर बाहेरच्या बाजूने तीन ठिकाणी गडद टेपचे तुकडे लावा: मांडीच्या वरच्या टोकाला बाहेर हाताला लागतं ते हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू, आणि घोट्याचं बाहेरचं हाड. वरचा तुकडा शॉर्ट्सवर येईल, चालतं, फक्त शॉर्ट्स दर वेळी त्याच असू देत. या तीन खुणा जोडल्या की गुडघ्याशी जो कोन होतो तोच आपला आकडा. पाय पूर्ण सरळ म्हणजे १८०.

मोजायला विंडोजवर Kinovea हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात एक-एक फ्रेम पुढेमागे करता येते आणि कोन मोजायचं साधन आहे. स्लो-मोची फाइल उघडल्यावर मूळ चित्रण २४० च्या वेगाने झालं हे सेटिंगमध्ये सांगा, नाहीतर पडद्यावरचे सेकंद आठपट दिसतात. मी स्वतः सेकंदांकडे बघतच नाही, फ्रेम मोजतो आणि २४० ने भागतो.

दोन फ्रेम शोधायच्या. पहिली, बुटाचा कोणताही भाग जमिनीला टेकला ती पहिली फ्रेम. बहुतेक मुलांची टाच आधी टेकते आणि काही फ्रेमनंतर तळवा पूर्ण बसतो. दोन्हीपैकी टाचेचीच फ्रेम धरा. दुसरी, बोटं आणि बॉल यांच्यामधे पहिल्यांदा उजेड दिसला ती. या दोन फ्रेममधला गुडघ्याचा प्रवास सावकाश बघा, बटण दाबत दाबत. टाच टेकताना पाय जवळपास सरळ, १६५ वगैरे. पुढच्या आठ-दहा फ्रेम तसाच. मग वरचं धड पुढे येतं, बॉलचा हात कानाजवळून वर जातो, आणि नेमका त्याच वेळी गुडघा पुढे सरकायला लागतो. मांडीवरची पट्टी खाली येते, गुडघ्यावरची बोटांच्या दिशेने. उजेड दिसतो त्या फ्रेमला कोन १४२. म्हणजे २३ अंशांनी पाय बसला. तुमचे सर नुसत्या डोळ्यांनी जे पकडतात ते हेच. रन-अपमध्ये कमावलेला वेग पुढच्या पायावर अडतो तेव्हा कमरेवरचं शरीर त्या पायावरून पुढे फेकलं जातं. पाय बसला की तो वेग गुडघ्यातच जिरतो.

दोन्ही कोन लिहा, पण लक्ष सुटतानाच्या कोनावर ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्या मते खरं काम हेच आहे आणि बहुतेक पालक ते करतच नाहीत. पहिल्या दिवशी १३८ आला आणि महिन्याने १४६ आला की आनंद होतो. पण त्याच पहिल्या दिवशी, त्याच षटकात, पुढच्या बॉलला किती होता?

एका मुलाचं उदाहरण देतो, वय तुमच्या मुलाएवढंच, तक्रारही तीच. पहिल्या सत्रातल्या एका षटकाचे सहा कोन असे होते: १३८, १४४, १४१, १४९, १३६, १४३. कोणी काही शिकवलेलं नाही, मधे एक मिनिटही गेलेलं नाही, तरी १३ अंशांचा फरक. त्यातला थोडा मुलाचा आणि थोडा मोजणाऱ्याचा. मोजणाऱ्याचा किती हे बघायला तीच क्लिप चार दिवसांनी जुने आकडे न बघता पुन्हा मोजा. पट्ट्या नीट असतील तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. आठ-दहाचा पडत असेल तर आधी पट्ट्या आणि उजेड सुधारा, मुलाचा गुडघा नंतर.

म्हणून एका बॉलवर कधीच जाऊ नका. सहा बॉल घ्या, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधल्या दोहोंचा मध्य धरा. इथे १३६, १३८, १४१, १४३, १४४, १४९, म्हणजे मध्य १४२. सरासरीऐवजी मध्य अशासाठी की एखाद्या बॉलला पाय घसरला तर एकट्या त्या बॉलने आकडा ओढला जात नाही.

कोणते सहा हेही आधीच ठरलेलं हवं. वॉर्म-अपनंतरचं दुसरं षटक, सहाच्या सहा बॉल. ‘हा चांगला पडला, हा घेऊ’ असं सुरू केलंत की तुम्ही स्वतःलाच फसवता. कॅमेरा दिसला की मुलं ताठ होतात, म्हणून पहिल्या षटकापासूनच चित्रण चालू ठेवा. दुसऱ्या षटकापर्यंत ती विसरतात.

त्या मुलाची पहिली तीन सत्रं आम्ही काहीच दुरुस्ती केली नाही. वडिलांना वाटलं वेळ फुकट चाललाय. पण तीन सत्रांचे मध्य आले १४२, १४५, १४०. म्हणजे काहीही न करता हा आकडा आठवड्यागणिक पाच अंशांनी वरखाली होतो हे कळलं. पुढचे सगळे निर्णय या पाच अंशांवर उभे राहिले. चौथ्या आठवड्यात १४६ आला असता तर मी त्याला सुधारणा म्हटलं नसतं. नियम साधा ठेवला: मध्य या १४० ते १४५ च्या पट्ट्याच्या पाच अंश तरी वर, म्हणजे १५० च्या आसपास गेला पाहिजे आणि सलग दोन सत्रं तिथे राहिला पाहिजे.

चौथ्या आठवड्यापासून त्याच्या सरांनी काम सुरू केलं. तीन पावलांच्या छोट्या रन-अपने बॉलिंग, पुढचा पाय रोवून त्यावरून जाण्याचा सराव, मग हळूहळू रन-अप वाढवणं. सहाव्या आठवड्यात मध्य आला १५२, सातव्यात १५३. नियमाप्रमाणे सुधारणा, घरात पेढे.

इथेच ते पहाऱ्यावरचे दोन आकडे कामी येतात. पहिला रन-अपचा. क्रीजच्या थोडं मागे, मागचा पाय पडतो त्याच्या अलीकडे, पाच मीटरवर दोन मार्कर ठेवायचे, मुलगा धावतो त्या रेषेला अगदी लागून. फोन या पाच मीटरच्या मध्यासमोर आणायचा आणि मुलाची कंबर पहिल्या मार्करवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत फ्रेम मोजायच्या. दुसरा बॉलचा. दोन्ही टोकांच्या पॉपिंग क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर असतं. समोरच्या क्रीजवर फळी उभी करायची, फोन गोलंदाजाच्या मागे जरा बाजूला ठेवायचा आणि बॉल सुटल्यापासून फळीला लागेपर्यंत फ्रेम मोजायच्या. फोन एकच असेल तर दुसऱ्या षटकाला गुडघा, तिसऱ्याला रन-अप, चौथ्याला बॉल, असं वाटून घ्या. फोन हलवायचा, मुलगा तोच.

बॉलचा आकडा स्पीडगनशी जुळणार नाही. गन बॉल सुटतानाचा वेग दाखवते, तुम्ही काढता तो पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग, त्यात हवा आणि टप्पा दोन्ही आलं. शिवाय बॉल बरोबर क्रीजवरच सुटतो असंही नाही. त्यामुळे हा आकडा मित्रांना सांगायचा नाही, मुलाच्या जुन्या आकड्याशीच लावायचा. टप्पाही दर वेळी साधारण त्याच लांबीवर असू द्या.

सुरुवातीला त्या मुलाचे रन-अपचे मध्य २०६, २०८, २०५ फ्रेम होते. म्हणजे पाच मीटर साधारण ०.८६ सेकंदात, ताशी २१ किलोमीटर. बॉलचे १५०, १५१, १४९, म्हणजे ताशी १०२ च्या आसपास. सहाव्या आठवड्यात गुडघा १५२ झाला तेव्हा रन-अप होता २१८ फ्रेम, ताशी २० ला किंचित कमी. बॉल १५० फ्रेम, जागच्या जागी. चित्र स्पष्ट झालं. पाय सरळ ठेवायचा म्हणून पोरगा हळू धावत येत होता. कमी वेगाने आलं की पुढच्या पायावर भार कमी पडतो आणि तो सरळ ठेवणं सोपं जातं. त्याला स्वतःला याची जाणीव नव्हती. नुसत्या डोळ्यांनी मलाही ते दिसलं नव्हतं, बारा फ्रेमचा फरक दिसण्यासारखा नसतोच.

सरांनी मग गुडघ्याचं नाव काढणं बंद केलं आणि मार्करमधून जुन्या वेगाने यायला सांगितलं. आठव्या आठवड्यात कोन खाली घसरला, १४६. हे होणारच होतं. दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात गुडघा १४९ आणि १५०, रन-अप २०७ आणि २०६, बॉल दोन्ही वेळा १४५ फ्रेम, म्हणजे ताशी १०५. ही सुधारणा मी वहीत खरी म्हणून लिहिली. १५२ पेक्षा १४९ कमी असूनही.

मोजताना आणखी एक पथ्य. कोणत्या आठवड्याची क्लिप आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. वडिलांनी मोजताना हमखास होतं ते असं: नवीन क्लिप असेल तर पट्टीच्या मधोमध क्लिक करण्याऐवजी हात नकळत कोन वाढेल त्या बाजूला जातो. घरात कोणाला तरी फाइलींची नावं बदलून द्यायला सांगा, जुन्या-नव्या मिसळून. मोजून झाल्यावर नावं उघडा. दोन अंशांची चापलूसी तिथेच निघून जाते.

या पद्धतीने काय मोजता येत नाही तेही सांगतो, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. कोपर वाकतं का, अ‍ॅक्शन नियमात बसते का, हे एका फोनवरून ठरवू नका. आयसीसीची मर्यादा कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची आहे आणि ती तपासायला प्रयोगशाळेत अनेक कॅमेरे लागतात. हात फिरत असताना बाजूने दिसणारा कोपराचा कोन बराचसा आभास असतो. खांदे आणि कंबर वेगवेगळ्या दिशांना वळतात का हेही बाजूने कळत नाही, त्याला वरून बघावं लागतं.

आणि गुडघ्याच्या कोनाला १८० चं लक्ष्य देऊ नका. पाय जितका ताठ, तितका जमिनीचा धक्का वर पाठीपर्यंत जातो. या वयात पाठीची हाडं पक्की झालेली नसतात आणि वेगवान गोलंदाजांमध्ये कमरेच्या मणक्याला ताणाने तडा जाण्याचं प्रमाण याच वयात जास्त असतं. बॉल टाकताना किंवा दुसऱ्या दिवशी कमरेत एका बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर वाढत असेल, तर चित्रण आणि बॉलिंग दोन्ही थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उजव्या हाताच्या गोलंदाजाला हे बहुतेक वेळा डाव्या बाजूला दुखतं.

वहीत एका सत्राला एक ओळ पुरे: तारीख, टेकतानाचा कोन, सुटतानाचा कोन, रन-अपच्या फ्रेम, बॉलच्या फ्रेम, आणि शेवटी त्या आठवड्यात एकूण किती षटकं टाकली. तो शेवटचा रकाना गाळू नका. मॅचच्या आठवड्यात दमलेल्या पायांचा गुडघा जास्त बसतो आणि तो आकडा तंत्राचा समजून सर नवीन ड्रिल सुरू करतात. मूळ क्लिपही पुसू नका. सहा महिन्यांनी मुलगा चार-पाच सेंटीमीटर वाढलेला असेल, पावलांचा अंदाज बदललेला असेल, तेव्हा तीन सत्रांचा पायाभूत पट्टा पुन्हा नव्याने काढावा लागेल आणि जुन्या क्लिप नव्याबरोबर मिसळून मोजायला हाताशी लागतील.